फिल्टरचा पंप चालत नाही? आधी अडॅप्टर तपासा

आमच्या ग्रामसंघाच्या कार्यालयात पाण्याचं आरओ मशीन आहे. आपण सगळ्याजणी त्याला फिल्टरच म्हणतो. मागच्या उन्हाळ्यात ते बंद पडलं. बटण दाबलं की दोन सेकंद 'घुर्र' आवाज यायचा, मग गप्प, मग पुन्हा घुर्र. पाण्याचा थेंब नाही. तालुक्याहून मेकॅनिक आला, आवाज ऐकला आणि म्हणाला, "पंप जाम झालाय, बदलावा लागेल." पंप आणि मजुरी मिळून १,८५० रुपये झाले. व्यवस्थापन खर्चातून दिले, ठरावात नोंद केली. मशीन सुरू झालं. चौथ्या दिवशी पुन्हा घुर्र आणि गप्प.

हिशेबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे बैठकीत उत्तरही मलाच द्यावं लागलं. "नवा पंप तीन दिवसांत कसा गेला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकते. ती सुट्टीला आली होती, तिला बोलावलं. तिने एक साधा मीटर घेऊन अर्ध्या तासात दोष शोधला, तेही मला शेजारी बसवून. तेच इथे सांगते. असं मशीन आता बऱ्याच घरांत, अंगणवाडीत, शाळेत आहे, आणि बंद पडलं की सगळीकडे पहिलं बोट पंपाकडेच जातं.

पंप एकटा चालत नाही

मशीनचं झाकण काढलं की आत लाल-काळ्या वायरींची साखळी दिसते. घरातली २३० व्होल्टची वीज थेट पंपाला जात नाही. ती आधी अडॅप्टरमध्ये जाते, म्हणजे लॅपटॉपच्या चार्जरसारख्या काळ्या डब्यात. तिथे तिची २४ व्होल्टची डीसी वीज होते. घरातल्या बहुतेक मशीनला २४ व्होल्टच लागतात, पण अडॅप्टरच्या लेबलवर 'आउटपुट' म्हणून जो आकडा असेल तो आपल्या मशीनचा खरा आकडा.

ही २४ व्होल्टची वीज मग फ्लोट स्विचमधून जाते. साठवण टाकीत जो तरंगता गोळा असतो तोच हा. टाकी भरली की तो वर येतो आणि वीज तोडतो. काही मशीनमध्ये पाण्याच्या दाबाचा एक छोटा स्विचही असतो. नळाला पाणी नसेल किंवा दाब कमी असेल तर तो पंप चालू होऊ देत नाही. यांच्यापुढे वीज दोन ठिकाणी एकदम पोचते, सोलेनॉइड व्हॉल्व्हला आणि पंपाला.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणजे विजेवर उघडणारा नळ. वीज मिळाली की आतली कॉइल लोहचुंबक बनते, खिळ वर ओढली जाते आणि पाण्याची वाट मोकळी होते. वीज गेली की स्प्रिंग वाट बंद करते. पंप हे पाणी घेऊन मेम्ब्रेनवर जोरात ढकलतो.

म्हणजे पंप चालला नाही याचा अर्थ पंपच खराब असा होत नाही. त्याच्या आधीचा कोणताही भाग अडला तरी पंप गप्पच राहतो. म्हणून तपासायचं ते विजेच्या वाटेने, सुरुवातीपासून, एकेक भाग मागे टाकत.

मीटर हातात घेण्याआधी

मुलीने आल्या आल्या मीटर काढला नाही. तिने तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, टाकी भरली आहे का? भरलेली असेल तर मशीन बंद असणं बरोबरच आहे. आमची टाकी रिकामी होती.

दुसरी, नळाचं पाणी मशीनपर्यंत येतं का? आपल्याकडे गच्चीवरची टाकी बुटकी असते किंवा दिवसाआड पाणी असतं. टाकीतलं पाणी मशीनपेक्षा साधारण दहा फूट उंच असलं तर जेमतेम ०.३ किलोचा दाब मिळतो. दाबाचा स्विच असलेलं मशीन याहून कमी दाबावर सुरू होत नाही, असं पुष्कळदा होतं. म्हणून मशीनला जाणारा पाईप काढून बादलीत धरून पाहायचा. आमच्याकडे पाणी चांगलं येत होतं.

तिसरी, प्लगात वीज आहे का? तिने त्याच प्लगाला मोबाईलचा चार्जर लावला. फोन चार्ज होऊ लागला.

अडॅप्टर: रिकामा २४ दाखवला म्हणून फसू नका

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांना मिळतो. त्याची चकती डीसी व्होल्टच्या बाजूला, २०० या आकड्यावर ठेवायची. २० वर ठेवली तर २४ व्होल्ट मावत नाहीत आणि पडद्यावर डावीकडे नुसता १ दिसतो. तो १ म्हणजे एक व्होल्ट नव्हे, 'मावत नाही' एवढाच त्याचा अर्थ.

तिने अडॅप्टरची गोल पिन मशीनमधून काढली. मीटरची लाल सुई पिनेच्या भोकात धरली, काळी बाहेरच्या धातूला टेकवली. आकडा आला २४.२.

मी म्हटलं, "म्हणजे अडॅप्टर चांगला आहे. पंपाचंच काहीतरी."

ती म्हणाली, "थांबा काकू. आत्ता त्याच्या डोक्यावर काहीच ओझं नाही. रिकामी पाटी कोणीही उचलतं."

मग तिने पिन परत मशीनमध्ये लावली, जिथे वायरी कनेक्टरमध्ये जातात तिथे मागच्या बाजूने सुया आत सरकवल्या आणि मशीन चालू केलं. पंपाने घुर्र केलं आणि आकडा २४ वरून धाडकन ११ वर आला. पंप थांबला, आकडा चढला. पुन्हा घुर्र, पुन्हा ११. अडॅप्टरवरचा हिरवा दिवाही त्याच तालावर लुकलुकत होता. आम्ही तो दिवा दहा दिवस पाहत होतो, पण त्याचा अर्थ कोणाला कळला नव्हता.

या लेखातली लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट हीच आहे. अडॅप्टर मोजायचा तो पंप जोडलेला असताना. चांगला अडॅप्टर पंप चालू असतानाही २३-२४ च्या आसपास राहतो. आकडा निम्म्यावर आला तर काहीतरी बिघडलेलं आहे. मात्र नेमकं काय बिघडलं, हे अजून कळलेलं नसतं.

कारण आकडा पडायची कारणं दोन असू शकतात. एक तर अडॅप्टर कमजोर झाला असेल. त्याच्या आतला वीज साठवणारा भाग, कपॅसिटर, उष्णतेने सुकत जातो. मग तो रिकामा असताना पूर्ण व्होल्ट दाखवतो, पण ओझं पडलं की बसतो. नाहीतर पंप खरोखर जाम असेल. जाम मोटर खूप जास्त वीज ओढते आणि चांगला अडॅप्टरही स्वतःला वाचवायला बंद-चालू होतो. मेकॅनिकने दुसरं कारण धरलं आणि पहिलं तपासलंच नाही.

दोघांतला दोषी कसा ओळखायचा

मुलीने दोन गोष्टी केल्या.

आधी पंपाच्या वायरचा कनेक्टर काढून ठेवला, फक्त व्हॉल्व्ह जोडलेला ठेवला. मशीन चालू केल्यावर व्हॉल्व्हमधून 'टक' असा स्पष्ट आवाज आला आणि आकडा २३.९ वर स्थिर राहिला. म्हणजे व्हॉल्व्हच्या कॉइलमध्ये शॉर्ट नव्हता. व्हॉल्व्हला वीज थोडीच लागते, ती अडॅप्टरला झेपत होती.

मग शेजारच्या घरातून त्यांच्या फिल्टरचा अडॅप्टर मागून आणला. दोन्हींची लेबलं शेजारी ठेवून वाचली. व्होल्ट सारखेच हवेत, २४ ला २४. अँपिअर तितकेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. आमच्यावर १.५ अँपिअर होते, त्यांच्यावर २.५, म्हणजे चालण्यासारखं होतं. पिनही बसली. मशीन चालू केलं तर पंप एका दमात सुरू झाला, आकडा २३.८ आणि तो हललाही नाही. पाच मिनिटांत टाकीत पाणी पडू लागलं.

म्हणजे दोष अडॅप्टरचा होता. शेजारच्या अडॅप्टरवरही आकडा पडला असता, दिवा लुकलुकला असता, तर पंप दोषी ठरला असता.

नवा अडॅप्टर ४२० रुपयांना आला. मग मला जुन्या पंपाची आठवण झाली. सुदैवाने मेकॅनिक तो कोपऱ्यात टाकून गेला होता. मुलीने तो नव्या अडॅप्टरला जोडून बादलीतलं पाणी ओढायला लावला. तो व्यवस्थित चालला. १,८५० रुपये जाऊन जो पंप बदलला, तो बिघडलेलाच नव्हता. मी विचारलं, मग नवा पंप तीन दिवस कसा चालला? ती म्हणाली, नवा पंप मोकळा फिरतो, थोडी कमी वीज ओढतो. मरायला टेकलेल्या अडॅप्टरने तेवढे तीन दिवस कसेबसे काढले.

अडॅप्टर चांगला, तरी आवाजच नाही

आमच्याकडे पंप निदान घुर्र करत होता. तुमच्या मशीनमध्ये अडॅप्टर बरोबर असेल, पण पंप आणि व्हॉल्व्ह दोघंही गप्प असतील, तर वीज मधेच कुठेतरी अडली आहे. तेव्हा संशय फ्लोट स्विच किंवा दाबाच्या स्विचवर घ्यायचा. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने फ्लोट वरच चिकटून बसतो आणि रिकामी टाकीही भरलेली 'वाटते'. झाकण उघडून स्वच्छ हाताने तो वर-खाली हलवून पाहा. कित्येकदा एवढ्यानेच मशीन सुरू होतं.

तरीही नाही झालं तर मशीन बंद करून फ्लोटच्या दोन वायरी कनेक्टरमधून काढायच्या, त्या जागी वायरचा छोटा तुकडा जोडायचा आणि मशीन चालू करायचं. पंप चालला तर फ्लोट खराब. दाबाच्या स्विचचीही परीक्षा अशीच. पण ही जोडणी दहा-पंधरा सेकंदांच्या परीक्षेपुरतीच. तशीच ठेवली तर टाकी भरून पाणी वाहतं, आणि दाबाचा स्विच जोडून ठेवला तर पाणी नसताना पंप कोरडा फिरून खरोखरच जळतो.

पंप गुणगुणतो, पण पाणी नाही

हे लक्षण वेगळं. पंपाला वीज मिळते आहे, तो फिरतो आहे, पण पाणी पुढे जात नाही. इथे आधी सोलेनॉइड व्हॉल्व्ह पाहायचा.

मशीन बंद करा. पंपाच्या वायरचा कनेक्टर काढून ठेवा, म्हणजे तो कोरडा फिरणार नाही. नळ बंद करून, व्हॉल्व्हमधून पंपाकडे जाणारा पाईप पंपाच्या बाजूने काढा. पाईप नुसता ओढू नका, जोडाची छोटी रिंग आत दाबून धरली की तो सहज निघतो. पाईपचं टोक मगमध्ये सोडा, नळ चालू करा, मग मशीन चालू करा.

'टक' आवाज आला आणि मगमध्ये पाण्याची धार पडली तर व्हॉल्व्ह चांगला. आवाज आला पण धार नाही किंवा अगदी बारीक आहे, तर आत गाळ अडकला असेल किंवा त्याच्या आधीचा फिल्टर तुंबला असेल. आधीच्या फिल्टरमधून बाहेर पडणारा पाईप असाच मगमध्ये धरला की यातला दोष कुठला ते कळतं. तिथेही धार बारीक असेल तर व्हॉल्व्हला दोष देऊ नका, फिल्टर बदलायची वेळ झाली आहे.

आवाजच आला नाही तर मशीन बंद करून व्हॉल्व्हच्या दोन्ही वायरी काढा आणि मीटरची चकती ओहमच्या २००० वर ठेवून सुया त्याच्या दोन पिनांना टेकवा. २४ व्होल्टच्या व्हॉल्व्हची कॉइल चांगली असेल तर आकडा शंभराच्या आगेमागे येतो, कंपनीप्रमाणे थोडा कमीजास्त. नुसता १ दिसला तर आतली तार तुटली आहे. व्हॉल्व्ह बदलायचा. नवा लावताना त्यावरचा बाण पाण्याच्या दिशेने येईल असा लावा.

व्हॉल्व्हचा एक उलटा दोषही असतो. मशीन बंद असतानाही सांडपाण्याच्या पाईपमधून थेंब थेंब पाणी जातच राहतं. तेव्हा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्यात कचरा अडकला आहे. पंप चालतो म्हणून याकडे कोणी बघत नाही, पण दिवसभरात बरंच पाणी वाया जातं.

सगळ्यात शेवटी पंप

वीज पूर्ण येते आहे, पाणीही पंपापर्यंत येतं आहे, एवढं कळल्यावरच पंपाकडे यायचं.

पंपाला २४ व्होल्ट मिळूनही तो अजिबात फिरत नसेल तर मोटरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. ठोकल्यावर सुरू झाला तर आतले कार्बन झिजले आहेत. तो आणखी थोडे दिवस असा चालेल, पण बदलायचे पैसे बाजूला ठेवा. ठोकूनही काहीच नाही, तर मोटर गेली.

मोटर फिरते पण पाण्याला जोर नसेल, तर पंपातून बाहेर जाणारा पाईप मेम्ब्रेनच्या बाजूने काढा, मगमध्ये धरा आणि अंगठ्याने हलकेच तोंड दाबून पाहा. चांगल्या पंपाची धार अंगठ्याला जुमानत नाही, बाजूने उसळते. अंगठ्याने सहज थांबली तर पंपाच्या डोक्यातला रबरी पडदा फाटला आहे. पंपाच्या तळाशी ओल किंवा गंजाचा डाग असेल तर तोही याच दोषाचा, डोक्यातलं पाणी मोटरमध्ये उतरतं आहे. मोटर कोरडी आणि ठीक असेल तर काही पंपांचं नुसतं डोकं वेगळं मिळतं, ते पूर्ण पंपापेक्षा स्वस्त पडतं. दुकानदाराला तसं विचारा.

धार जोरात आहे, तरी टाकीत शुद्ध पाणी पडत नाही, तर पंप निर्दोष आहे. दोष पुढे मेम्ब्रेनमध्ये आहे.

हात कुठे लावायचा नाही

वरच्या सगळ्या परीक्षा २४ व्होल्टच्या बाजूच्या आहेत. अडॅप्टरचा डबा मात्र कधीच उघडू नका. त्यात २३० व्होल्ट येतात, आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. तो दुरुस्त करायचा नाही, बदलायचा. मशीनमध्ये यूव्ही दिवा असेल तर त्याच्या वायरींना हात लावू नका आणि पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. वायरी किंवा पाईप काढताना-लावताना दरवेळी आधी प्लग काढा आणि हात कोरडे ठेवा. अडॅप्टर ओल्या जागी किंवा मशीनच्या खाली ठेवू नका, पाईप गळला की पाणी थेट त्यावर पडतं. वीज कडाडत असताना प्लग काढून ठेवणं चांगलं, कारण विजेचा झटका आला की सगळ्यात आधी अडॅप्टरच जातो.

मेकॅनिक आला तर

सगळ्यांना मीटर हाताळायला जमेल असं नाही. मेकॅनिकला बोलवायचंच असेल तरी त्याच्याशी दोन गोष्टी बोलता येतात. एक, "भाऊ, पंप जोडलेला असताना अडॅप्टरचे व्होल्ट मोजून दाखवा." दुसरी, "काढलेला जुना भाग इथेच ठेवून जा." चांगला कारागीर या दोन्हींना नाही म्हणत नाही.

आमच्या ठराव वहीत आता मशीनसाठी एक पान आहे. त्यावर तारीख, काय आवाज येत होता, रिकाम्या अडॅप्टरचे व्होल्ट, पंपासकट व्होल्ट आणि काय बदललं, एवढ्याच पाच रकान्यांची नोंद असते. पहिल्या ओळीत लिहिलं आहे: रिकामा २४.२, पंपासकट ११, अडॅप्टर बदलला, ४२० रुपये. त्याच्या शेजारी मी जुन्या पंपाचीही नोंद केली आहे. तो पुसून, पिशवीत घालून कपाटात ठेवला आहे. या पंपाची खरोखर वेळ येईल तेव्हा तोच लावू.